भाड्याच्या घराचा करार : सहीपूर्वी वाचावयाची तीन कलमे



भाड्याचे घर पाहावयास जाताना आपण काय काय पाहतो? नळाला पाणी किती वेळ असते, सकाळचे ऊन कोणत्या खोलीत येते, शाळा किती लांब आहे, जिना चढताना वडीलधाऱ्यांना दम लागेल काय, हे सारे आपण बारकाईने पाहतो. एवढे पाहून झाले, भाडे ठरले, की घर पसंत पडल्याच्या आनंदात करारावर मात्र डोळे मिटून सही करतो. करार आठ-दहा पानांचा असतो. एजंट म्हणतो, "साहेब, सगळीकडे हाच मसुदा असतो." आणि आपण अंगठा त्याच्या यंत्रावर टेकवतो. आज मला बोलावयाचे आहे ते या मसुद्यातील तीन कलमांविषयी. बांधिलकीचा काळ, ज्याला व्यवहारात 'लॉक-इन' म्हणतात, ते एक. घर सोडण्याची पूर्वसूचना, म्हणजे नोटीस, हे दुसरे. आणि अनामत, म्हणजे डिपॉझिट, हे तिसरे.

ही तीन कलमे करारात तीन निरनिराळ्या ठिकाणी लिहिलेली असतात, आणि सुटी सुटी वाचली तर तिन्ही निरुपद्रवी वाटतात. परंतु घर सोडण्याचा दिवस उजाडला म्हणजे ती एकत्र येऊन एकच हिशेब मांडतात. म्हणून ती वाचावयाची झाली तर एकच प्रश्न हाताशी धरून वाचावीत : 'अमुक तारखेला मला हे घर सोडावे लागले, तर माझ्या अनामतीपैकी किती रुपये, केव्हा आणि कोणत्या वजावटीनंतर परत मिळतील?' ज्या करारातून या प्रश्नाचे उत्तर आकड्यात काढता येत नाही, तो करार अजून सहीला तयार झालेला नाही असे समजावे.

प्रथम आपण सही कशावर करतो ते पाहू. आपल्या महाराष्ट्रात आज राहत्या घरांचे बहुतेक नवे करार हे 'लीव्ह अँड लायसन्स'चे असतात. बोलण्यात आपण भाडेकरू आणि भाडे म्हणतो. पण कायद्याच्या दृष्टीने मालक आपल्याला ठरावीक मुदतीपुरती राहण्याची केवळ परवानगी देतो, आणि आपण देतो ते परवाना शुल्क. जुन्या वाड्यांतील भाडेकरूला भाडेनियंत्रणाचे जे संरक्षण असे, ते या परवानाधारकाला नाही. त्याचे हक्क आणि त्याची बंधने बहुतांशी करारात लिहिलेली असतात तेवढीच. इतकेच नव्हे, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम २४ मध्ये असे म्हटले आहे की, परवान्याचा लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जाईल. याचा साधा अर्थ असा की, घर दाखवताना मालक चहा पाजून जे गोड बोलले, "अहो, बदली झाली तर तुम्हाला कोण अडवणार आहे!", ते शब्द कागदावर उतरले नसतील तर पुढे त्यांना फारशी किंमत उरत नाही.

दुसरी गोष्ट नोंदणीची. करार ११ महिन्यांचा असला म्हणजे नोंदणी लागत नाही, अशी एक समजूत अद्याप रूढ आहे. आपल्या राज्यात ती खरी नाही. त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला असलाच पाहिजे, मग मुदत कितीही असो. आणि ही जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोंदलेला करार नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे जे म्हणणे असेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. आता ही नोंदणी घरबसल्या संगणकावरून होते. एजंट अंगठ्याचे यंत्र घेऊन आपल्या दारी येतो. ही सोय चांगली आहे. पण पूर्वी कचेरीच्या बाकावर ताटकळताना करार चाळावयास जो तासभर मिळे, तो आता मिळत नाही. म्हणून मसुदा अंगठ्याच्या दिवशी नव्हे, तर दोन दिवस आधी मागून घ्यावा. ठरावीक साच्यातील कलमे आधी येतात, आणि लॉक-इनची अट पुष्कळदा अगदी शेवटी 'इतर अटी' या मथळ्याखाली घातलेली असते. तिथपर्यंत आपली नजर पोहोचली पाहिजे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यात बदलून आलेले बँकेतील एक गृहस्थ आहेत. घरात पत्नी आणि शाळेत जाणारी मुलगी. त्यांनी दोन खोल्यांचे घर घेतले. दरमहा शुल्क २०,००० रुपये, अनामत ८०,००० रुपये, मुदत १ जून २०२५ ते ३० एप्रिल २०२६, म्हणजे ११ महिने. लॉक-इन ६ महिन्यांचे, म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत. नोटीस १ महिन्याची. असा हा अगदी सर्वसाधारण करार. जुलैअखेर त्यांच्या हाती नागपूरच्या बदलीचा हुकूम पडला. त्यांनी १ ऑगस्टला नोटीस दिली, ३१ ऑगस्टला घर रिकामे केले. तीन महिन्यांचे शुल्क त्यांनी वेळच्या वेळी भरले आहे. घराची एक फरशीही तडकलेली नाही. त्यांना ८०,००० पैकी किती परत मिळावेत?

आपल्यापैकी काही जण म्हणतील, सगळेच. कारण महिन्याची नोटीस दिली आहे. पण नाही. त्याचे उत्तर लॉक-इनच्या कलमाची वाक्यरचना देते, आणि ती वाक्यरचना निदान तीन तऱ्हांची आढळते.

पहिली तऱ्हा अशी : 'पहिल्या सहा महिन्यांत परवानाधारकाने जागा सोडल्यास उरलेल्या लॉक-इन काळाचे शुल्क देणे त्याच्यावर बंधनकारक राहील.' आपल्या गृहस्थांचे सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर असे तीन महिने उरले. तिनांचे ६०,००० झाले. हाती येणार २०,०००.

दुसरी तऱ्हा दिसावयास अधिक सौम्य आहे : 'लॉक-इनचा काळ संपल्यानंतर कोणताही पक्ष एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवू शकेल.' यातला 'संपल्यानंतर' हा शब्द पाहा. याचा मालकाने लावलेला अर्थ असा होतो की, नोटीस देण्याचा अधिकारच १ डिसेंबरला जन्माला येतो. मग नोटिशीचा महिना डिसेंबर, आणि सुटका ३१ डिसेंबरला. म्हणजे नाव सहा महिन्यांचे आणि बांधिलकी सातांची! उरलेले महिने चार, रक्कम ८०,०००, हाती येणार शून्य. या एका शब्दाची किंमत २०,००० रुपये आहे. त्यावर उपायही एका वाक्याचा आहे : 'नोटीस लॉक-इनच्या काळातही देता येईल, मात्र तिची मुदत लॉक-इन संपण्यापूर्वी पुरी होणार नाही.' एवढे वाक्य घातले की १ नोव्हेंबरची नोटीस ३० नोव्हेंबरला सुटका देते.

तिसरी तऱ्हा सर्वांत आखूड आणि म्हणून सर्वांत फसवी : 'लॉक-इन मोडल्यास अनामत जप्त होईल.' इथे हिशेबच नाही. तुम्ही दुसऱ्या महिन्यात गेलात काय किंवा लॉक-इन संपावयास पाच दिवस उरले असताना गेलात काय, जप्ती पूर्ण ८०,००० चीच. पहिल्या तऱ्हेत काळ जाईल तसा बोजा कमी होतो. या तऱ्हेत तो शेवटच्या दिवसापर्यंत तेवढाच राहतो.

येथे कोणी विचारील, कायदा हे चालू देतो काय? त्याचे उत्तर थोडे सावकाश दिले पाहिजे. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम ७४ चा आशय असा की, करार मोडल्यास द्यावयाची रक्कम करारातच लिहिलेली असली, तरी ज्याचे नुकसान झाले त्याला वाजवी भरपाई मिळते. लिहिलेला आकडा ही त्या भरपाईची कमाल मर्यादा होय. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फत्तेचंद खटल्यात हे तत्त्व जप्त केलेल्या पैशालाही लावले, आणि २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात त्याची पुन्हा उजळणी केली. शिवाय त्याच कायद्यातील कलम ७३ चे स्पष्टीकरण सांगते की, नुकसान मोजताना ते कमी करण्याचे कोणते मार्ग हाताशी होते हेही ध्यानात घ्यावयाचे. म्हणजे आपल्या गृहस्थांच्या घरात १ ऑक्टोबरला नवे बिऱ्हाड आले असेल, तर मालकाचे खरे नुकसान सप्टेंबरचे २०,००० आणि फार तर नव्या दलालीचा खर्च, एवढेच. त्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरचे शुल्क दोघांकडूनही घ्यावे, हे या तत्त्वात बसत नाही.

मात्र यावर विसंबून सही करू नका. एक तर, जिथे नुकसान नेमके मोजणे अवघड असते आणि लिहिलेला आकडा आधीच प्रामाणिकपणे अंदाजलेला असतो, तिथे न्यायालय तो आकडा मान्यही करू शकते. दुसरे, आणि व्यवहारात हेच मोठे, पैसा मालकाच्या हाती आहे. तो त्याने कापून घ्यावयाचा, आणि तुम्ही नागपुराहून पुण्याला खेटे घालून तो मागावयाचा. वकिलाची फी, प्रवास आणि रजा यांची बेरीज करून पाहा. ६०,००० साठी दावा लावणारे थोडे, आणि हे मालकही ओळखून असतो. कायदा तुमच्या बाजूने असणे आणि पैसा तुमच्या खिशात असणे या दोन गोष्टींत पुष्कळ अंतर आहे. आणि ते अंतर सहीच्या आदल्या दिवशी सर्वांत कमी असते. त्या दिवशी मालकालाही घर द्यावयाचे असते.

मग त्या दिवशी मागावयाचे काय? लॉक-इन असूच नये असा हट्ट धरणे बरोबर होणार नाही. मालकाची बाजूही समजून घ्या. त्याने रंग काढला, दलाली दिली, आणि दुसऱ्याच महिन्यात बिऱ्हाड उठले तर त्याला तोटा होतो. लॉक-इन हे त्या तोट्यावरचे कुलूप आहे. माझे म्हणणे इतकेच की कुलूप दोन्ही बाजूंनी लागले पाहिजे. कलमात 'परवानाधारकास' असे लिहिले आहे की 'उभय पक्षांस', हे आवर्जून पाहावे. बंधन तुमच्या एकट्यावर असेल, तर तुम्हाला डिसेंबरपूर्वी जाता येत नाही, पण मालक मात्र ऑक्टोबरमध्ये सहामाही परीक्षेच्या तोंडावर महिन्याची नोटीस देऊन तुम्हाला उठवू शकतो. लॉक-इनपासून भाडेकरूला जो एकमेव लाभ आहे, म्हणजे तेवढा काळ स्वस्थपणे राहण्याची हमी, तोच अशा करारात मिळत नाही.

त्याखेरीज दोन वाक्ये मागावीत. पहिले : 'नोकरीतील बदली लेखी हुकुमाने सिद्ध झाल्यास लॉक-इन लागू राहणार नाही, मात्र परवानाधारक नोटिशीच्या महिन्याखेरीज एक महिन्याचे शुल्क भरपाई म्हणून देईल.' हे वाक्य असते तर आपल्या गृहस्थांचे २०,००० गेले असते आणि ६०,००० हाती आले असते. आणि मालकालाही नवे बिऱ्हाड शोधावयास दोन महिने मिळाले असते. दुसरे : 'करार नव्याने केल्यास लॉक-इन पुन्हा लागू होणार नाही.' कारण ११ महिने संपले की तोच मसुदा नव्या तारखा घालून पुढे येतो, आणि त्याच घरात दोन वर्षे राहिलेला मनुष्य पुन्हा पहिल्या दिवसापासून सहा महिन्यांना बांधला जातो.

नोटिशीच्या कलमात आणखी थोडेच पाहावयाचे असते. ती कशी द्यावयाची आणि कोणत्या दिवसापासून मोजावयाची, हे दोन मुद्दे. 'लेखी' एवढेच लिहिलेले असेल, तर मोबाइलवर धाडलेला संदेश लेखी धरावयाचा की नाही, यावर पुढे वाद होतो. दोघांचेही ई-मेल पत्ते करारात लिहावेत, आणि त्या पत्त्यावर धाडलेली नोटीस धाडल्या दिवसापासून मोजावी असे म्हणावे. 'एक महिना' म्हणजे तारखेपासून तारखेपर्यंत, की पुढच्या पहिल्या तारखेपासून, हेही स्पष्ट करावे. नाहीतर ३ तारखेच्या नोटिशीचे मालक सरसकट दोन महिने धरतो.

आता अनामत. या कलमाची सुरुवात एका सावधगिरीने करू. कधी कधी मालक किंवा एजंट सुचवतो की, अर्धी अनामत करारात दाखवू, अर्धी रोख द्या, मुद्रांक वाचेल. हे किती वाचते ते पाहू. अशा करारावरील मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे, आणि ते परतीच्या अनामतीवर नव्हे, तर तिच्या वार्षिक १० टक्के दराने काढलेल्या व्याजावर लागते. ४०,००० रुपये लपवले तर वर्षाचे व्याज ४,००० आणि त्याचा पाव टक्का १० रुपये. दहा रुपये वाचवण्यासाठी चाळीस हजारांचा पुरावा हातचा घालवावयाचा! तेव्हा अनामत सगळी बँकेमार्फत द्यावी, आणि तेवढीच, व्यवहाराच्या क्रमांकासह, करारात लिहवून घ्यावी.

परतीच्या बाबतीत बहुतेक मसुद्यांत एवढेच असते : 'करार संपल्यावर योग्य त्या वजावटी करून अनामत परत केली जाईल.' 'संपल्यावर' म्हणजे त्याच दिवशी की चार महिन्यांनी? 'योग्य' कोणाच्या मते? या वाक्याच्या जागी असे मागावे की, किल्ल्या देणे आणि अनामत घेणे एकाच वेळी व्हावे; वजावट फक्त थकलेले शुल्क, विजेचे बिल आणि मोडतोड यांचीच, आणि तीही पावतीनिशी असावी; रोजच्या वापराने होणारी झीज, म्हणजे भिंतीचा उडालेला रंग किंवा सैल झालेली कडी, मोडतोडीत धरू नये. रंगाचे पैसे द्यावयाचे असे ठरलेच असेल, तर आकडा आजच लिहावा. आणि घरात पाऊल टाकल्या दिवशी पंखे, दिवे, नळ यांची यादी छायाचित्रांसह मालकाला ई-मेलने धाडून ठेवावी; घर सोडताना तीच तुमची साक्षीदार.

आणि समजा, करार संपण्याच्या दिवशी मालक म्हणाला, पैसे पुढच्या महिन्यात देतो, तर? पुष्कळांना वाटते, किल्लीच देऊ नये. येथे जपावे. कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. २०,००० चे ४०,०००! अनामत अडली म्हणून राहिलो हा बचाव करावयाचा, तर त्याला करारात आधार हवा. म्हणून तेथेच लिहून घ्यावे की, अनामत परत मिळेपर्यंत परवानाधारकाला शुल्क न देता जागेत राहता येईल, किंवा थकलेल्या अनामतीवर अमुक टक्के व्याज मिळेल. बदली होऊन परगावी जाणाऱ्याला पहिल्या सवलतीचा उपयोग नाही, त्याने व्याजाची अट धरावी. तसेच शेवटच्या दोन महिन्यांचे शुल्क अनामतीतून वळते करून घ्या, असे परस्पर ठरवू नये. करारात त्याला मनाई असली, तर तुम्हीच थकबाकीदार ठरता आणि मालकाला कारण मिळते.

केंद्र सरकारने २०२१ साली भाडेव्यवहाराचा एक नमुना कायदा तयार केला. त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे सुचवले आहे. परंतु तो नमुना आहे. राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय तो कोणाला बांधत नाही. बोलणी करताना त्याचा दाखला द्यावयास हरकत नाही, पण आधार म्हणून त्यावर टेकू नये.

श्रोतेहो, घरी गेल्यावर आपला चालू करार कपाटातून काढा. एका कोऱ्या कागदावर तीन तारखा मांडा : लॉक-इन संपण्यापूर्वीची एक, ते संपल्याच्या दुसऱ्या दिवसाची एक, आणि मुदत पुरी होण्याची एक. प्रत्येक तारखेपुढे, त्या दिवशी घर सोडले तर हाती किती येईल तो आकडा लिहा. तिन्ही आकडे लिहिता आले तर करार ठीक आहे. एखाद्या तारखेपुढे पेन अडखळले, तर जिथे अडखळले तेच कलम पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी बदलून घ्यावयाचे आहे, आणि त्यासाठी मालकाशी बोलावयास मुदत संपण्याच्या महिनाभर आधी बसावे. अंगठ्याचे यंत्र दारात आल्यावर नव्हे.